हाय लाइनच्या मागचा कीपर: कुठे उभं राहायचं, कधी निघायचं, निघाल्यावर काय करायचं

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या फुटबॉल संघांमध्ये बचावफळी मधल्या रेषेपर्यंत चढवून, म्हणजे हाय लाइनने, खेळायचं प्रमाण वाढलं आहे. कीपर मात्र बहुतेक ठिकाणी अजून गोलरेषेवरच दिसतो. बचावफळी वर आणि कीपर खाली असला की मध्ये पस्तीस मीटरचं मोकळं रान उरतं आणि गोल तिथूनच होतात. खालचे प्रश्न त्या रानाबद्दल आहेत. अंतरं सगळी आपल्या गोलरेषेपासून मोजलेली आहेत. पेनल्टी बॉक्सची पुढची रेषा १६.५ मीटरवर आणि पेनल्टी स्पॉट ११ मीटरवर असतो, एवढं ध्यानात ठेवलं की मैदानावर टेप लागत नाही.

बचावफळी वर असताना कीपरने नेमकं किती पुढे असावं?

एकच एक आकडा नाही, पण सुरुवात करायला एक माप आहे: शेवटचा बचावपटू आणि कीपर यांच्यात साधारण २२ ते २५ मीटर. फळी ४२ मीटरवर असेल तर कीपर १८च्या आसपास, म्हणजे बॉक्सच्या रेषेच्या एक-दोन पावलं बाहेर. फळी ३५वर उतरली की कीपर पेनल्टी स्पॉटच्या थोडा पुढे येऊन थांबतो.

पण हे माप एकटं वापरलं तर फसगत होते, कारण फळी कुठे आहे याइतकंच बॉल कुठे आहे यालाही महत्त्व आहे. बॉल विरोधकांच्या बॉक्सजवळ असेल, तर कीपरने २२-२५ मीटरवर उभं राहायला काहीच हरकत नाही, तिथून कोणी थेट गोल मारत नाही. बॉल मधल्या रेषेवर आला की १६ ते १८. बॉल आपल्या गोलपासून ४० मीटरवर मोकळ्या पायात आला की पेनल्टी स्पॉट. ३० मीटरवर आला की सहा ते आठ मीटर, आणि तिथे फळीमागची जागा साफ करायचं स्वीपरचं काम संपून नेहमीचं कीपिंग सुरू होतं. दोन्ही मापं वेगवेगळं उत्तर देत असतील तर बॉलचं माप मानायचं. फळी खाली उतरायला विसरली म्हणून कीपरनेही विसरायचं नाही.

पाच-सात मीटर मागे राहिलं तर एवढा काय फरक पडतो?

एक प्रसंग आकड्यांत मांडून पाहू. मैदान १०० मीटर लांब. आपली फळी ४२ मीटरवर. त्यांचा मिडफील्डर ५५ मीटरवर मोकळा आहे आणि तो फळीच्या डोक्यावरून बॉल टाकतो. बॉल ३० मीटरवर पडतो, उसळतो आणि पुढे घरंगळत २४ मीटरच्या आसपास पायात घेता येईल असा होतो. या सगळ्याला साधारण अडीच सेकंद लागतात.

त्यांचा फॉरवर्ड ४२वरून ऑफसाइड न होता, आधीच वेग घेऊन सुटतो. त्याला १८ मीटर कापायचे आहेत. चांगल्या धावणाऱ्याला यासाठी सुमारे २.७ सेकंद लागतील.

कीपर १८ मीटरवर असेल तर त्याला सहाच मीटर पुढे यायचं आहे. बॉल ओळखून पाऊल उचलायला ०.४ सेकंद आणि धावायला दीड सेकंद धरा. दोन सेकंदांच्या आत तो तिथे उभा असतो, बॉलची वाट बघत. फॉरवर्ड अजून पाच मीटर लांब आहे, त्यामुळे बॉल कुठे मारायचा हे बघायलाही वेळ मिळतो.

हाच कीपर १० मीटरवर असता तर त्याला १४ मीटर कापावे लागले असते, म्हणजे तीन सेकंद. फॉरवर्ड पाव-अर्धा सेकंद आधी पोहोचतो, बॉलला पायाचं बोट लावतो आणि पूर्ण वेगात समोरून येणाऱ्या कीपरच्या बाजूने काढतो. इथे कीपर बाहेर आला ही चूक नव्हती. बॉल मारला जायच्या आधी तो आठ मीटर मागे उभा होता, ही चूक. प्रेक्षक मात्र «कशाला निघाला?» म्हणूनच ओरडतात, आणि पुढच्या सामन्यात तो कीपर आणखी दोन मीटर मागे सरकतो. हा फेरा तिथूनच सुरू होतो.

हे आकडे ढोबळ आहेत. आपल्या कीपरचे खरे आकडे काढायचे तर मोबाइलवरच्या स्टॉपवॉचने त्याला ६, १० आणि १४ मीटर उभ्यावरून पळवून बघा. अंतर किती ठेवायचं हे त्यावरून ठरतं.

पुढे उभं राहिलं की डोक्यावरून लॉब बसणार नाही का?

ही भीती सगळ्यांना असते, आणि ती अगदीच खोटी नाही, पण बहुतेक वेळा चुकीच्या जागी वाटते. ५५ मीटरवरून मारलेला लॉब गोलपर्यंत यायला साधारण तीन सेकंद हवेत असतो. कीपर १८ मीटरवर असेल तर त्याला गोलरेषेपर्यंत जायचं नसतं. रेषेच्या तीन मीटर पुढे हात पोहोचला तरी पुरतं, म्हणजे १५ मीटर मागे. वळून धावला तर हा सामना बरोबरीचा होतो. शिवाय ५५ मीटरवरून ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच चौकटीत बॉल उतरवणारे पाय तालुक्यात किती आहेत, हेही बघावं.

खरा धोका ३५ ते ४० मीटरवरून असतो. तिथून लॉब दोन सेकंदांतच येतो आणि मारायलाही सोपा. म्हणून बॉल ४०च्या आत मोकळ्या पायात आला की कीपरला पेनल्टी स्पॉटच्या मागे असायलाच हवं. लॉब बसलेले कीपर बहुधा फार पुढे गेले म्हणून फसत नाहीत. बॉल पुढे सरकत असताना ते जागच्या जागी बघत राहतात म्हणून फसतात.

मागे पळताना तोंड बॉलकडे ठेवून उलटं चालू नये. खांदा वळवायचा, पाय आडवे टाकत धावायचं आणि मान तेवढी बॉलकडे. उलटं चालणारा कीपर दहा मीटरला जवळजवळ दुप्पट वेळ घेतो आणि बऱ्याचदा पाठीवर पडतो.

एका हल्ल्यात कीपरने कधी पुढे आणि कधी मागे सरकायचं? सतत हलत राहायचं का?

बघायची गोष्ट एकच: बॉल ज्याच्याकडे आहे तो मान वर करून लांब मारू शकतो का?

त्याची पाठ आपल्या गोलकडे असेल, मान खाली असेल, किंवा आपला खेळाडू हाताच्या अंतरावर येऊन त्याला त्रास देत असेल, तर फळीच्या मागे जाणारा थ्रू बॉल येऊ शकत नाही. या वेळात फळी वर चढते आणि तिच्याबरोबर कीपरही दोन-चार मीटर वर येतो. बॉल त्यांच्या बचावपटूकडे मागे गेला की तेच.

तो वळला, बॉल अंगापासून एक हात पुढे टाकला आणि मान वर केली, की धोका सुरू झाला. आता फळी खाली उतरायला लागायला हवी आणि कीपरने दोन-तीन पावलं मागे घ्यायची. त्याचा मारायचा पाय मागे जातो त्या क्षणी मात्र कीपर कुठेही असो, थांबायचं. दोन्ही पाय जमिनीवर, खांद्याएवढं अंतर, वजन चवड्यांवर, गुडघे थोडे वाकलेले.

हे थांबणं सगळ्यात जास्त चुकतं. किक बसताना कीपर मागे सरकत असेल तर त्याचं वजन टाचांवर असतं. पुढे निघायला त्याला आधी थांबावं लागतं आणि त्यातच अर्धा सेकंद जातो, म्हणजे वरच्या प्रसंगातला सगळा फायदा गेला. आदर्श जागेपासून दोन मीटर चुकलेला पण स्थिर कीपर, बरोबर जागी पण हलत असलेल्या कीपरपेक्षा लवकर पोहोचतो.

बॉल टचलाइनजवळ असेल तर बॉलच्या बाजूला सरकायचं का?

थोडंसं. बॉल आणि गोलचा मध्य यांना जोडणाऱ्या रेषेवर उभं राहायचं, हे मूळ सूत्र. १५-१६ मीटर पुढे असताना बॉल टचलाइनला गेला तर या सूत्राने कीपर फारच कडेला जातो आणि समोरच्या बाजूला टाकलेला तिरका बॉल त्याला मिळत नाही. म्हणून गोलपोस्टच्या सरळ रेषेबाहेर जायचं नाही, म्हणजे मध्यापासून जास्तीत जास्त साडेतीन मीटर.

कडेचा फुलबॅक आणि मधला स्टॉपर यांच्यातून कोपऱ्याच्या दिशेने जाणारा बॉल हा सापळा असतो. तो मोकळा दिसतो, कीपर निघतो, विंगर आधी पोहोचतो आणि मागे रिकामा गोल राहतो. बॉल पेनल्टी बॉक्सच्या रुंदीबाहेर जात असेल तर तो बचावपटूचा. कीपरने उलट मागे येऊन क्रॉसची तयारी करायची. याला अपवाद एकच: बॉल थेट आउट होणार असेल आणि कीपर सहज पोहोचून तो टचलाइनपार ढकलू शकत असेल तर.

निघायचं की नाही हे कसं ठरवायचं?

बॉल पायातून सुटल्यावर पहिल्या अर्ध्या सेकंदात. फॉरवर्डच्या आधी एक पूर्ण पाऊल पोहोचेन असं वाटलं तर निघायचं आणि पूर्ण वेगाने निघायचं. बरोबरीची वाटली तर निघायचं नाही. हा दुसरा भाग मुलांना पटत नाही, पण बरोबरीच्या शर्यतीत धोका दोघांना सारखा नसतो. फॉरवर्डला बॉलला नुसता स्पर्श करायचा असतो, कीपरला तो मैदानातून घालवायचा असतो. शिवाय फाउल झाला तर नुकसान फक्त आपलं.

न निघण्याचा निर्णयही तितकाच ठाम हवा. अशा वेळी ११-१२ मीटरपर्यंत मागे यायचं, उभं राहायचं, फॉरवर्डला बॉलला दोन-तीन जास्तीचे स्पर्श करायला लावायचे. तेवढ्यात मागून स्टॉपर पोहोचतो. बॉल त्याच्या पायापासून एक मीटर सुटला की मग झेपावायचं.

सगळ्यात वाईट ते अर्धवट. पाच पावलं निघून थांबलेल्या कीपरला बॉलही मिळत नाही आणि गोलही राखता येत नाही. सामन्यात गोल झाल्यावर कीपर बॉक्सच्या रेषेवर हात पसरून उभा दिसला, तर समजावं की निर्णय दोनदा झाला.

बाहेर येऊन बॉल मिळवला. पुढे काय?

फॉरवर्ड पाच मीटरच्या आत असेल तर एकाच स्पर्शात जवळच्या टचलाइनबाहेर. सुंदर काही करायचं नाही. बॉल अंगासमोर असतानाच, घोट्याच्या आतल्या हाडाने नव्हे तर बुटाच्या लेसच्या भागाने, शरीर बाजूला तिरकं करून मारायचा. समोर, मैदानाच्या मध्ये मारलेला बॉल त्यांच्या मिडफील्डरकडे जातो आणि तो ४५ मीटरवरून रिकाम्या गोलकडे बघत असतो. थ्रो-इन दिला तर फळीला मागे यायला दहा-पंधरा सेकंद मिळतात.

बॉल उसळत असेल तर छातीवर घेऊ नये. छातीवरून तो एक-दोन मीटर पुढे पडतो आणि फॉरवर्डला हवा असतो तो हाच बॉल. डोकं लावा, तेही बाजूला. २०१४च्या विश्वचषकात जर्मनी-अल्जीरिया सामन्यात मान्युएल नॉयर हेच करताना दिसतो. जर्मनीची फळी खूप वर होती, मागे मेर्टेसाकर आणि बोआटेंग, अल्जीरियाचा स्लिमानी पुन्हा पुन्हा मागच्या जागेत पळत होता. नॉयर बॉक्सबाहेर येऊन कधी पायाने, कधी डोक्याने, कधी घसरून बॉल बाजूला काढत होता. लोकांना त्यातली धाडसी धाव आठवते. ती क्लिप पुन्हा बघताना तो निघायच्या आधी कुठे उभा आहे ते बघा.

फॉरवर्ड दहा मीटर लांब असेल आणि आपला फुलबॅक मोकळा असेल तर पास द्यायला हरकत नाही. पण बॉल पायात ठेवून फॉरवर्डला चकवायचा प्रयत्न करू नये. १९९० साली नेपल्समध्ये कोलंबियाच्या इगिताने कॅमेरूनच्या रॉजर मिलाविरुद्ध तो केला, बॉल गमावला आणि संघ विश्वचषकाबाहेर गेला. त्याच्याकडे आपल्यापेक्षा चांगले पाय होते.

वेळ असेल तर आणखी एक सोय आहे आणि ती फारशी कोणी वापरत नाही. विरोधकाचा थ्रू बॉल बॉक्सबाहेर पायाने अडवून, ड्रिबल करत बॉक्समध्ये आणून हातात उचलता येतो. आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने दिलेला बॉल किंवा त्याचा थ्रो-इन मात्र उचलता येत नाही, इनडायरेक्ट फ्री किक बसते.

बॉक्सच्या रेषेवर हात लावला तर? आणि रेड कार्ड कधी?

कीपरचे पाय कुठे आहेत ते बघायचं नसतं, बॉल कुठे आहे ते बघायचं. रेषा बॉक्सचाच भाग आहे. बॉलचा थोडा भाग जरी रेषेवर असेल तरी हात चालतो. चिखलात रेषा पुसली गेली असेल तर सामन्याआधी पंचांना विचारून घ्या आणि दोन्ही टोकांना खूण करून ठेवा, भांडण नंतर करून उपयोग नसतो.

बॉक्सबाहेर हात लागला की लगेच रेड कार्ड असा समज आहे, तो खरा नाही. हाताने गोल किंवा गोलची स्पष्ट संधी अडवली तरच रेड. बॉल टचलाइनकडे चालला होता आणि हात लागला, तर डायरेक्ट फ्री किक आणि फार तर येलो.

पाडण्याबाबत मात्र बॉक्सची रेषा फार महाग पडते. बॉक्सच्या आत बॉल खेळण्याच्या प्रामाणिक प्रयत्नात फॉरवर्डला पाडलं आणि स्पष्ट संधी गेली, तर पेनल्टी आणि येलो. तेच बॉक्सच्या एक मीटर बाहेर झालं तर रेड. २००६च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात आर्सेनलचा येन्स लेमान बार्सिलोनाच्या एटोला बॉक्सच्या तोंडाशी पाडून अठराव्या मिनिटालाच बाहेर गेला. म्हणून बाहेर घसरायचं ते बॉल नक्की मिळणार असेल तेव्हाच. खात्री नसेल तर पायावर उभं राहा.

ऑफसाइडचा कीपरच्या जागेशी काय संबंध?

दोन गोष्टी. खेळाडू स्वतःच्या अर्ध्यात असेल तर तो ऑफसाइड होत नाही. फळी मधल्या रेषेच्या पुढे चढली तर फॉरवर्ड रेषेच्या पलीकडे उभा राहून सुटू शकतो, आणि मग मागे ५० मीटरचं रान. फळी मधल्या रेषेच्या चार-पाच मीटर अलीकडे ठेवणं म्हणून शहाणपणाचं.

दुसरं, थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नर यांवरून थेट ऑफसाइड लागत नाही. त्यांच्या कीपरची गोलकिक वाऱ्यावर ६० मीटर जात असेल तर फॉरवर्ड फळीच्या मागे उभा राहू शकतो. अशा वेळी फळी आठ-दहा मीटर खाली आणि कीपरही बॉक्सच्या आत. स्थानिक सामन्यांत होणाऱ्या «हा तर ऑफसाइड होता!» छापाच्या गोलांपैकी बरेच गोलकिकवरून किंवा थ्रो-इनवरून झालेले असतात.

कोकणातल्या मैदानांवर ही अंतरं तशीच चालतात का?

नाही, आणि पुस्तकी माप इथे सगळ्यात जास्त फसवतं.

उन्हाळ्यातलं लाल मातीचं किंवा कातळावरचं मैदान कडक असतं. बॉल उंच उसळतो आणि थांबत नाही. फळीमागे पडलेला बॉल आपसूक कीपरकडे येतो, म्हणून दोन ते चार मीटर मागे उभं राहिलं तरी तो मिळतो. उलट फार पुढे असाल तर पहिला टप्पा समोर पडून बॉल डोक्यावरून जातो. इथे लॉबपेक्षा या उसळीने जास्त गोल होतात. नियम सोपा आहे: टप्पा पडायच्या आधी पोहोचता येत नसेल तर टप्प्यापासून चार-पाच मीटर मागे थांबून बॉल खाली येताना घ्या. टप्प्याच्या अगदी जवळ, उसळीच्या चढावर जाऊ नका.

पावसाळ्यात दोन वेगळी मैदानं असतात. गवतावर नुसतं पाणी असेल तर बॉल टप्पा पडल्यावर घसरून वेग पकडतो, सुक्या मैदानासारखंच किंचित मागे राहा आणि शक्य तिथे हातात घेण्याऐवजी बॉलच्या मागे गुडघा आणून अडवा. चिखल किंवा डबकी असतील तर बॉल पडतो तिथेच रुततो. तो तुमच्याकडे येणार नाही, तुम्हालाच जावं लागणार. म्हणून दोन-तीन मीटर पुढे उभं राहा, आणि सामन्याआधी बॉक्सच्या बाहेरचा पट्टा स्वतः चालून बघा. डबकं कुठे आहे हे कीपरला माहीत हवं. रुतलेला बॉल घोट्याच्या जोराने निघत नाही, त्याच्या खाली बुटाचं टोक घालून उचलावा लागतो. चिखलात घसरत जाणं सोपं वाटतं पण अंतर चुकतं, माणूस बॉलच्या पुढे निघून जातो.

वारा. पावसाळा सोडला तर किनाऱ्यावर सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा जोर धरतो. विरोधकाच्या पाठीशी वारा असेल तर लांब बॉल अपेक्षेपेक्षा पुढे येतो आणि लॉबही पोहोचतो: तीन मीटर मागे. वारा त्यांच्या तोंडावर असेल तर बॉल हवेत अडकून फळीच्या जवळच पडतो: तीन मीटर पुढे. मैदान किनाऱ्याला समांतर असेल तर वारा आडवा लागतो आणि दुपारनंतर बॉल डोंगराच्या बाजूला वाहतो. त्या बाजूला एक-दोन पावलं सरकून उभं राहा. नाणेफेक जिंकलेल्या कर्णधाराने संध्याकाळच्या सामन्यात कीपरला एकदा विचारावं. मैदान पूर्व-पश्चिम असेल तर पूर्वेच्या गोलमधला कीपर मावळत्या सूर्याकडे बघत असतो, आणि उन्हातून येणारा उंच बॉल त्याला उशिरा दिसतो.

किनाऱ्यावर सराव करत असाल तर ओहोटीला, ओल्या कडक पट्ट्यावर करा. तिथे बॉल बऱ्यापैकी घरंगळतो. सुक्या वाळूत अजिबात नाही, तिथे अंतराचा सराव केला तर मैदानावर उलटा परिणाम होतो. पट्ट्याला समुद्राकडे उतार असतो, त्यामुळे सरळ टाकलेला बॉलही पाण्याकडे वळतो हे धरून चला.

फळीला काय आणि कसं सांगायचं?

तीनच शब्द ठरवा आणि ते कायम तेच ठेवा. «वर!» म्हणजे फळीने चढायचं. «खाली!» म्हणजे उतरायचं. «कीपर!» म्हणजे मी घेतो, बाजूला व्हा. नुसतं «सोड!» किंवा «माझा!» ओरडू नये. कोण ओरडलं ते कळत नाही, आणि त्याने विरोधक फसला तर पंच येलो दाखवू शकतात.

«कीपर!» बॉल येऊन पोहोचल्यावर नाही, निघतानाच ओरडायचं. तो ऐकल्यावर जवळच्या स्टॉपरने बॉलकडे न पळता रिकाम्या गोलकडे पळायचं. हा भाग सरावात वेगळा घोकावा लागतो, नाहीतर दोघं एकाच बॉलवर आदळतात.

सराव कसा घ्यायचा?

१०, १४, १८ आणि २२ मीटरवर चार कोन लावा. ४२ मीटरवर एक फॉरवर्ड आणि एक स्टॉपर, ५५ मीटरवर बॉल मारणारा. आठ बॉल पुरतात. मारणाऱ्याने प्रत्येक वेळी काय करायचं ते कीपरला न सांगता ठरवायचं: कधी पाठ करून मागे पास द्यायचा, कधी मान वर करून थ्रू, कधी लॉब. कीपरने कोणत्या कोनाजवळ उभं राहायचं हे स्वतः निवडायचं, पण किक बसताना पाय थांबलेले हवेत. एकाने बाजूला उभं राहून फक्त तेवढंच बघायचं आणि मोजायचं: किकच्या वेळी पाय स्थिर होते की नाही. बॉल वाचला की नाही हे लिहायचंच नाही. आठ बॉलांच्या तीन फेऱ्या पुरे, त्यानंतर पाय जड होतात आणि निर्णय बिघडतात.

मोबाइल गोलच्या मागे नको, बाजूला टचलाइनवर, बॉक्सच्या रेषेच्या समोर लावा. अंतर तिथूनच दिसतं.

मैदान ८० मीटरचंच आहे, किंवा मुलं तेरा वर्षांखालची आहेत. मग?

मैदान लहान असेल तर सगळी मापं त्याच प्रमाणात कमी करा: मधली रेषा ४० मीटरवर, फळी ३४, कीपर १३ ते १४. लहान मुलांची उंची कमी आणि गोल मोठा असेल तर साधा उंच बॉलही आत जातो. त्यांना पेनल्टी स्पॉटच्या पुढे उभं करू नका. मान वर आहे की खाली, एवढं ओळखायला शिकवलं तरी त्या वयात पुरे.

कोणत्या संघाने हे करूच नये?

ज्यांचे फॉरवर्ड बॉल गेल्यावर चालत परततात त्यांनी. विरोधी मिडफील्डरला दर वेळी मान वर करून मारायला वेळ मिळत असेल तर कीपर कितीही चांगला उभा असला तरी दहापैकी तीन-चार बॉल अचूक येणारच. आपण कुठल्या प्रकारात मोडतो हे ओळखायचं असेल तर एका सामन्यात फळीमागे पडलेल्या प्रत्येक बॉलच्या वेळी दोन गोष्टी टिपा: मारणाऱ्यावर कोणी होतं का, आणि किक बसताना कीपर कुठे होता. मारणारा बहुतेक वेळा मोकळा असेल तर दोष पुढच्या फळीत आहे, आधी बचावफळी दहा मीटर खाली घ्या. मारणाऱ्यावर दबाव असूनही फॉरवर्ड आधी पोहोचत असेल, तर कीपरला चार मीटर पुढे आणा आणि पुढच्या सामन्यात पुन्हा टिपा.